एका प्रश्नाला दहा माणसं

दादासोला मोजायची खोड लहानपणापासनंच. जत तालुक्याच्या पार कडेला आमची वाडी. वाऱ्याची दिशा बरी असली की कर्नाटकातल्या देवळातला भोंगा तिथं ऐकू येतो. त्याचं आणि माझं घर एकाच बोळात. सुट्टीत आम्ही दोघं त्याच्या चुलत्यामागनं, आकाराम तात्यामागनं, मेंढराकडं जायचो. सांजचं वाघर लावलं, म्हणजे खुंट्या ठोकून जाळीचं कुंपण ताणलं, की दादासो काठी आडवी धरून एकेक मेंढरू आत घ्यायचा आणि मोजायचा. मोजून झालं की ऐटीत सांगायचा, एकशेबारा, बरोबर हायत. तात्या तंबाखू मळत कळपाकडं एकवार बघायचा आणि म्हणायचा, "फाटक्या कानाची दिसंना."

आणि खरंच ती मागं कुठल्यातरी ओढ्यात राहिलेली असायची. दादासोनं दुसरंच एक मेंढरू दोनदा मोजून एकशेबारा जुळवलेले असायचे. तात्या त्याला कधी बोलला न्हाई. नुसता हसायचा. मारलं असतं तर दादासो विसरला असता. हसण्यानं ते त्याच्या अंगात राहिलं.

बाप तो चार वर्षांचा असताना गेला, आईनं दुसरं घर केलं. त्याला वाढवलं तात्यानं आणि हरणाबाई काकीनं. काकीला पोटचं पोर न्हाई. तिनं ह्याला कडेवर घेऊन मेंढरामागं आख्खा कोकणचा रस्ता तुडवलेला. पुढं हा शिकला, नर्सिंगला गेला, दवाखान्यात 'ब्रदर' झाला. वाडीत लोकांना ब्रदर म्हणजे काय ते कळंना. कुणीतरी म्हातारा म्हणाला, बायकांचं काम करतोय हरणीचं पोरगं. ह्यानं तेही ऐकून घेतलं. नंतर सांगलीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागला आणि वाडीत पहिल्यांदा कुणीतरी पीएचडी करणार म्हणून बोर्डावर नाव आलं. बोर्ड मीच छापला. जतच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान हाय.

पीएचडीचा विषय घरातनंच आला. चार वर्षांपूर्वी तात्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. सहा फुटी गडी बाजल्यावर आडवा झाला आणि त्याचं हागणं-मुतणं, कुशीवर करणं, भरवणं सगळं काकीच्या अंगावर पडलं. दादासो दर रविवारी यायचा, बघायचा आणि परत जायचा. मग त्यानं ठरवलं, बाजल्यावरच्या माणसाचं करणाऱ्या बायांवर किती ताण पडतो ते मोजायची मराठीत एक प्रश्नावली तयार करायची. इंग्रजीतनं उचललेली नको, आपल्या बायांना कळेल अशी. म्हणजे कुठल्या घरात मदत पाठवायची ते सरकारला, संस्थांना कळेल.

मला हे लय पटलं. प्रश्न त्यानं मन लावून केले. आधी वीस-बावीस बायांकडं नुसता बसून आला, त्यांचं बोलणं वहीत उतरवलं, त्यातनं तीस प्रश्न काढले. चार गोष्टींचे चार गट. अंगावर पडणारा भार, त्याचे आठ. स्वतःला न मिळणारा वेळ, त्याचे सात. आजूबाजूची माणसं सोबत देतात का, त्याचे सात. आणि शेवटचा गट मनाचा, त्याचे आठ. कंटाळा, चीड, लाज, 'सुटला असता तर बरं झालं असतं' असं वाटणं. प्रत्येकापुढं चार चौकोन: कधीच न्हाई, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

सत्तावीस नंबरचा प्रश्न मी छापताना वाचला. 'रागाच्या भरात माझा हात त्यांच्यावर उठतो.' मी म्हणालो, "ह्याला कोण खरं सांगणार हाय रं?"

तो म्हणाला, "एक तरी सांगंल."

आता प्रश्नावली नुसती लिहून चालत न्हाई. ती जे मोजते म्हणते तेच मोजते का, एका गटातले प्रश्न खरोखर एकत्र चालतात का, हे बऱ्याच माणसांकडनं भरून घेऊन पडताळावं लागतं. किती माणसं? दादासोचे गाईड दिग्विजय सर, साताऱ्याच्या एका कॉलेजात. मनानं चांगला माणूस, पण घाईतला. त्यांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं, एका प्रश्नाला दहा माणसं. तीस प्रश्न, तीनशे बाया. दादासोनं विचारलं की दहाच का. सर म्हणाले की सगळे तसंच घेतात, मीपण तसंच घेतलं होतं, माझ्या गाईडनंही.

दादासोला हा नियम लय आवडला. मोजायचं पोरगं ते. त्यानं भिंतीवर कागद लावला आणि रोज आकडा लिहायला लागला.

जत आणि आटपाडीतल्या वाड्यावस्त्या आम्ही माझ्या गाडीवर पालथ्या घातल्या. काही ठिकाणी आरोग्य खात्याच्या गावातल्या आशाताई बरोबर यायच्या. उन्हाळा तोंडावर आलेला, टँकरची वेळ सांभाळून बायांना गाठायचं. आणि बाई एकटी कधी गावतच न्हाई. एका घरात गेलो की शेजारच्या घरातल्या चौघी पदर सावरत येऊन बसायच्या. दादासो प्रश्न वाचायचा, थोरली बाई उत्तर द्यायची, आणि बाकीच्या म्हणायच्या, "माजं बी तसंच लिवा." मी आणि तो हसायचो. एका बैठकीत पाच कागद भरायचे. पटापटा आकडा चढायचा.

मनाच्या गटाला आलं की मात्र सगळं थांबायचं. सासू समोर, नवरा आतल्या खोलीत बाजल्यावर, जाऊबाई दारात. बाया एकमेकींकडं बघायच्या. "ह्ये सोडा की," म्हणायच्या. चौकोन कोरेच राहायचे.

मे महिन्यात आकडा अडकला. दोनशे एक्केचाळीस. त्यातला एक कागद आटपाडीच्या एका शेळीनं खाल्ला, राहिले दोनशे चाळीस. पंधरा दिवसांत आकडे सरांकडं जायचे होते, न्हाईतर अख्खं सत्र वाया. दादासोला ताप भरलेला. दुपारी दुकानात येऊन बसला, पंख्याखाली, आणि कागदावर काहीतरी गणित करत राहिला. मग एकाएकी डोळे वर केले.

"तीसचे चोवीस केले तर?"

मला आधी कळलं न्हाई. मग कळलं. चोवीस दहं दोनशे चाळीस. माणसं वाढवता येईनात तर प्रश्न कमी करायचे.

कुठले सहा काढायचे हेही लगेच ठरलं. ज्यांचे चौकोन जास्तीत जास्त कोरे ते. म्हणजे मनाच्या गटातले सहा. त्यानं पेन मागितलं, मी काउंटरवरचं दिलं. त्यानं एकेका प्रश्नावर रेघ ओढली. सत्तावीस नंबरवर पेन क्षणभर थांबलं, मग तिथंही रेघ पडली. मनाच्या गटात दोनच प्रश्न उरले, ते बिनधोक. 'मला कंटाळा येतो' आणि 'माझी चिडचिड होते.' काम झालं म्हणून आम्ही समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली. मी सांगतो तुम्हाला, लय चवीनं खाल्ली.

दिग्विजय सर खूश झाले. संगणकातनं आकडे काढले तर पहिले तीन गट झकास निघाले. चौथा मात्र नीट उभाच राहिना. उरलेले दोन प्रश्न इकडं तिकडं झुकत होते, एकमेकांना धरून न्हाईत. सर म्हणाले, असू द्या, लहान गट हाय, ते दोन दुसऱ्यात घाला. सगळ्या प्रश्नावलीचा एकजिनसीपणाचा आकडा, एकाच्या जितका जवळ तितका बरा, तो पॉइंट एक्क्याण्णव आला होता. तो तर सरांनी टेबल वाजवून वाचला.

वर्षभरात गोष्ट पुढं गेली. एका संस्थेनं जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळकडं आजारी माणसांच्या घरी दर आठवड्याला एक शिकलेली मदतनीस पाठवायचं ठरवलं. अर्धा दिवस ती रोग्याचं करणार, बाईला सुट्टी. सगळ्या घरांना पुरणार न्हाई म्हणून दादासोची चोवीस प्रश्नांची यादी वापरायची, बहात्तरपैकी छत्तीसच्या वर गुण आले त्या घराला मदत. आशाताई कागद घेऊन फिरल्या. सहाशे घरं झाली. पेपरात दादासोचा फोटो आला. वाडीत नारळ फुटला.

हरणाबाई काकीला एकोणीस गुण पडले. मदत बसली न्हाई.

दादासो मला म्हणाला, बरोबरच हाय, काकी तगडी हाय. मलाही तसंच वाटलं. अंगाचे प्रश्न आले की ती म्हणणार, कधीच न्हाई. जन्मभर मेंढरं उचललेली बाई, तिला नवरा कुशीवर करणं म्हणजे काय भार? वेळेचा प्रश्न आला की हसणार, वेळ कवा हुता मला? शेजारणी येतात जातात, तिथंही बरं हाय. कागदावर काकी सुखातच.

श्रावणातल्या एका रविवारी मी दादासोबरोबर तिच्याकडं गेलो. तात्याचा डावा हात अंगावरच्या चादरीबाहेर होता. दादासो ब्रदर हाय, त्याला सांगावं लागत न्हाई. मनगटाच्या वर चार बोटांचे वळ होते, निळे-पिवळे. जुने होत आलेले. त्यानं चादर ओढली, आणि बाहेर ओट्यावर येऊन काकीजवळ बसला. काकी शेंगा फोडत होती.

तो काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "बघितलंस नव्हं?"

त्यानं मान हलवली.

"दोनदा हात उठला माजा त्यांच्यावर. त्यास्नी बोलता यीना, रडत्यात नुसतं. मंग मी बी गोठ्यात जाऊन रडती." शेंगा फोडायची ती थांबली न्हाई. "ती आशा आली हुती तुजा कागद घिऊन. मी वाट बघितली, आता इचारंल, मंग इचारंल. ह्ये तुज्या कागदात कुठं लिवायचं रं?"

दादासोनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला माझ्या काउंटरवरचं पेन दिसत होतं.

आम्ही गाडीवर परत निघालो आणि दहा-पंधरा किलोमीटरवर त्यानं गाडी थांबवायला लावली. पाणी पिऊन म्हणाला, "जिच्यासाठी केलं, तिचाच प्रश्न खोडला मी."

पुढच्या आठवड्यात तो सांगलीत चंदनबालाबाईंकडं गेला, मला घेऊन. बाई संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गावभागात राहतात, घरी शेतीबरोबर बेदाण्याचा व्यापार. तिकडच्या जैन घरांतल्या बायकांसारखं 'मी करतो, मी सांगतो' असं बोलायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं असतं म्हणून चारलाच बोलावलेलं. दादासोनं तिसांवरनं चोवीस कसे केले ते सगळं सांगितलं. लपवलं न्हाई. मग बाईंनी विचारलं, "दहा हा आकडा कुठनं आणलास?"

तो म्हणाला, सरांकडनं, आणि एका रिसर्च पेपरमधनं.

"त्या पेपरनं?"

"दुसऱ्यातनं."

"आणि दुसऱ्यानं तिसऱ्यातनं. मी बघितलोय मागं जाऊन." बाई चष्मा पुसत होत्या. "कुणी पाच म्हणतंय, कुणी दहा, कुणी वीस. कुणी म्हणतंय प्रश्न किती का असंनात, तीनशे पायजेत. एवढे आकडे असतील तर त्यातला एकही खरा न्हाई, न्हाई का? ज्यांनी नंतर संगणकात खोटी माणसं करून तपासलं, त्यांना असला एक आकडा गावलाच न्हाई."

त्यांनी आतनं एक सुपलीभर बेदाणा आणला, टेबलावर ओतला. "हा एकाच बागेतला, एकसारखा. परखायला किती मुठी बघशील?"

दादासो म्हणाला, एक.

"आणि पाच बागांतला मिसळलेला असला तर?"

लय, म्हणाला.

"मग किती मुठी हे ढिगावर ठरतंय. तुझ्या यादीत प्रश्न किती त्यावर न्हाई." बाईंनी दोन दाणे तोंडात टाकले. "तुमच्या प्रश्नावलीतपण तसंच. एका गटाचे प्रश्न एकमेकांना घट्ट धरून असले, आणि गटाला भरपूर प्रश्न असले, तर शंभर-दीडशे बायांतपण भागतंय कधीकधी. सैल असले आणि गटाला दोन-तीनच असले, तर पाचशेपण कमी. आधी ते कळत न्हाई, म्हणून थोड्यांवर करून बघायचं आणि मग जास्तीचा अंदाज बांधायचा. दादासो, तू धनगराचा ना? वाघराच्या आठ खुंट्यांतल्या सहा काढल्यास. आता ते उभं धरायला माणसं कमी लागणार का जास्त?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मेंढरामागं वाढलेला माणूस, त्याला हे विचारायला लागावं.

"जास्त," तो म्हणाला.

"आणि तुझा दहाचा नियम काय सांगतोय?"

"कमी."

"उलटं सांगतोय," बाई म्हणाल्या. "प्रश्न काप, माणसं वाचतील. म्हणून तर सगळ्यांना आवडतोय."

त्या पॉइंट एक्क्याण्णवचं विचारलं तर त्या म्हणाल्या, एकच गोष्ट चोवीस तऱ्हेनं विचारली तरी तो आकडा वर जातो, काय विचारायचं राहिलं ते तो सांगत न्हाई. आणि पाच बाया एका चटईवर बसून 'माजं बी तसंच' म्हणाल्या असतील, तर ते पाच कागद हायत, पाच उत्तरं न्हाईत. दादासोला दोनदा मोजलेलं मेंढरू आठवलं असणार. तो एकदम उठून खिडकीपाशी गेला.

बाईंनी बेदाणे परत सुपलीत भरले. मग हळू म्हणाल्या, "मान खाली घालू नकोस एकट्यानं. मी तीस वर्षं हेच शिकवलो पोरांना. परीक्षेत एका मार्काला विचारायचो, एका प्रश्नाला किती माणसं. दहा लिहिलं की मार्क. वर्गात कुणी 'का' म्हणून विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं."

बाहेर पडल्यावर दादासो म्हणाला, आता सरांना सांगायला पायजे. सरांना सांगितलं. सर चिडले न्हाईत, उलट समजूत घालायला लागले. आता कशाला उकरायचं, परीक्षक एवढंच विचारतात की नियम पाळला का, आपण पाळलाय. पंधरा दिवसांनी साताऱ्याला समितीपुढं बोलायचं, मग प्रबंध सादर, मग नोकरीत बढती. सरांनी शेवटी विचारलं, तुम्हाला शहाणपण दाखवायचंय का डॉक्टर व्हायचंय?

ह्या वाक्यावर दादासो आठ दिवस झोपला न्हाई. मला फोन करून सांगायचा, सांगतो. अर्ध्या तासानं परत फोन, न्हाई सांगत. काकीला मदत तर मी माझ्या ओळखीनं लावतो, बाकीच्यांचं काय ते बघू. एकदा तर म्हणाला, सहाशे घरांत वळ किती असतील? मी म्हणालो, मला काय म्हायत? तो म्हणाला, मलाच म्हायत असायला पायजे होतं.

साताऱ्याला मी त्याच्याबरोबर गेलो, प्रिंट घेऊन. समितीत चौघं, त्यातले एक बाहेरगावचे परीक्षक. खोलीत मागं विद्यार्थी. दादासोनं नीट सुरुवात केली. तिसऱ्या स्लाइडवर ते गणित आलं, चोवीस गुणिले दहा बरोबर दोनशे चाळीस. बाहेरच्या परीक्षकानं नुसती मान डोलावली, पुढं चला म्हणून. प्रश्नसुद्धा आला न्हाई. गप राहिला असता तरी निभलं असतं.

दादासो पुढं गेला न्हाई.

"हे उलटं केलंय," तो म्हणाला. "बाया दोनशे चाळीसच मिळाल्या, म्हणून प्रश्न चोवीस केले. जे सहा काढले, तेच महत्त्वाचे होते. त्यातला एक माझ्या घरातला होता."

मग त्यानं खुंट्यांचं, चटईवरच्या पाच कागदांचं, सगळं सांगितलं. मागनं एक पोरगं हसलं, मग तेही थांबलं. दिग्विजय सर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, बंद करत होते. समितीतल्या एकानं विचारलं, मग आता आम्ही काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? दादासो म्हणाला, मला परत करायला लावा. बाहेरचे परीक्षक खिडकीकडं बघत म्हणाले, आमच्याकडच्या तीन प्रबंधांत मी हाच नियम वाचून सही केलीय.

एक वर्ष वाढवलं. बढती गेली, दुसऱ्याला मिळाली. चहाच्या वेळी सरांनी त्याच्याकडं पाठ केली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, तुमच्या मित्राला कोर्टात पाठवा, तिथं खरं बोलायला शपथ देतात. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

खरी लाज त्या संस्थेला पत्र लिहिताना आली. चार वेळा लिहिलं, माझ्याच दुकानात, संगणकावर. 'ज्या घरांना छत्तीसपेक्षा कमी गुण म्हणून वगळलं, ती यादी ग्राह्य धरू नये. चूक माझी आहे.' एकदा त्यानं 'चूक माझी आहे' खोडून 'त्रुटी आढळली आहे' केलं. मग परत होतं तसं केलं. संस्थेच्या माणसांनी गावोगाव जाऊन सांगितलं. आमच्या वाडीत एका घरानं दादासोला तोंडावर विचारलं, आमची म्हातारी आठ महिने एकटी मरत होती, ते तुज्या कागदानं व्हय? तो व्हय म्हणाला आणि तिथंच उभा राहिला, त्यांचं बोलून होईस्तवर.

ह्या उन्हाळ्यात पुन्हा कागद निघाले. तीस प्रश्न, मनाचे आठही परत. मी विचारलं, किती छापू, तीनशे?

"आधी पन्नास."

"आन् नंतर?"

"म्हायत न्हाई," तो म्हणाला. "पन्नासावर प्रश्न कितपत धरून राहत्यात ते बघू. मंग ठरवू."

आकडा म्हायत न्हाई असं दादासोच्या तोंडनं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आता कागद भरायची रीत बदलली. आशाताई न्हाई, गावातलं कुणी न्हाई. त्याची विद्यार्थिनी पल्लवी, कडेगावची पोरगी, तीच प्रत्येक बाईला घेऊन एकटी बसते. गोठ्यात, शेवरीच्या सावलीला, टँकरची वाट बघत असेल तर रांगेपासनं लांब. प्रश्न वाचते, बाई बोट ठेवते त्या चौकोनात खूण करते. नाव न्हाई, नुसता नंबर, आणि कागद पाकिटात बंद. घराला एकच बाई.

काकीच्या घरीही पल्लवी गेली. काकीचा कागद आपण वाचायचा न्हाई म्हणून दादासोनं आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं बोळाच्या तोंडाशी दगडावर बसलो. आत तात्याजवळ आता दर रविवारी संस्थेची मदतनीस येते, ती त्याचे पाय चोळत होती. पल्लवी आणि काकी गोठ्यात. इतर घरी वीस मिनिटं लागायची. इथं तास झाला.

काकी बाहेर आली. आमच्याकडं बघितलं न्हाई. करडू सुटलं होतं, ते पकडून तिनं खुंटीला बांधलं, दावं दोनदा ओढून बघितलं आणि आत तात्याकडं गेली. पल्लवीनं पाकीट बाकीच्या पाकिटांत सरकवलं. दादासो तोवर जमिनीकडं बघत बसला होता, पाकीट कुठलं ते कळू नये म्हणून.